मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी: पीएलए२आर १३२, थांबायचं की औषध सुरू करायचं?

अपर्णा_सुदामानगर | १२ जून

नमस्कार मंडळी. माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, इंदूरलाच नोकरी. एप्रिलपासून पायावर सूज होती. मोजे काढले की घोट्यावर खोल वळ राहायचा, आणि लघवीला साबणासारखा फेस, तोही बराच वेळ न विरणारा. शुगर नाही. बीपी थोडं जास्त.

रिपोर्ट असे आहेत. चोवीस तासांच्या लघवीत प्रोटीन ७.२ ग्रॅम, रक्तात अल्ब्युमिन २.४, क्रिएटिनिन ०.९. पीएलए२आर अँटिबॉडी १३२. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, एएनए निगेटिव्ह. निदान मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, म्हणजे किडनीच्या गाळणीवर शरीराच्याच अँटिबॉडी बसतात आणि लघवीतून प्रोटीन गळायला लागतं. बायॉप्सी केलेली नाही, डॉक्टर म्हणाले अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे तर आत्ता गरज नाही.

आता अडचण अशी की आमचे डॉक्टर टेल्मिसार्टन, टोर्सेमाइड, कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्त पातळ ठेवायची गोळी देऊन म्हणतात, तीन महिने थांबू, मग परत अँटिबॉडी बघू. दुसरं मत घेतलं तर ते डॉक्टर म्हणाले, १३२ आणि अल्ब्युमिन २.४ असताना वाट बघायची नसते, रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन घ्या. दोघंही मोठे डॉक्टर. कोणाचं ऐकायचं? घरात सासूबाईंचा एकच प्रश्न असतो, "आजार आहे तर औषध का नाही?" आणि माझ्याकडे उत्तर नाही.

राजूभैया_मल्हारगंज | १२ जून

वहिनी, माझ्या मोठ्या भावाला हेच झालं होतं. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली की बायॉप्सी लागत नाही आणि सरळ इंजेक्शन सुरू करतात. दोन डोस, पंधरा दिवसांच्या अंतराने. आज एकदम ठणठणीत आहे. उगीच थांबू नका, किडनी एकदा गेली की परत येत नाही.

कुंदाकाकू | १२ जून

अगं फेस मलाही येतो, माझी शुगर वीस वर्षांची. लघवीतून प्रोटीन जातंय ना, मग ते भरून काढायला नको का? रोज दोन अंडी, पनीर, डाळीचं घट्ट वरण दे. बार्लीचं पाणीही दे, सूज उतरते.

मेधा_नेफ्रो | १३ जून

अपर्णाताई, मी नेफ्रोलॉजिस्ट आहे. तुमच्या मिस्टरांना तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांच्या जागी मला धरू नका. पण तुम्ही आकडे नीट दिलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

राजूभैयांचं अर्धं बरोबर आहे. क्रिएटिनिन चांगलं, मधुमेह नाही, ल्युपसचा संशय नाही आणि पीएलए२आर स्पष्ट पॉझिटिव्ह, अशा माणसाला सुईची तपासणी, म्हणजे बायॉप्सी, टाळता येते. पण पॉझिटिव्ह म्हणजे लगेच इम्युनोसप्रेशन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, हे खरं नाही. या आजाराची वेगळी गोष्ट ही की सुमारे एक तृतीयांश लोकांत तो जोरदार औषधांशिवाय आपोआप शांत होतो. बाकीच्यांत होत नाही, आणि त्यांतल्या काहींची किडनी काही वर्षांत निकामी होते. पहिल्या दिवशी हा माणूस कोणत्या गटातला हे सांगता येत नाही, म्हणून थांबणं. थांबणं म्हणजे औषध न देणं असं सासूबाईंना वाटतंय. त्यांना सांगा की टेल्मिसार्टन हे प्रोटीनची गळती कमी करणारं औषधच आहे आणि बीपी सोसेल तितका त्याचा डोस वाढवत नेतात.

अँटिबॉडीबद्दल. ही अँटिबॉडी गाळणीतल्या पीएलए२आर या प्रोटीनवर हल्ला करते हे २००९ साली कळलं, त्याआधी आम्ही फक्त लघवीतल्या प्रोटीनवर अंदाज बांधायचो. प्रोटीन हा झालेल्या नुकसानीचा हिशेब आहे, अँटिबॉडी म्हणजे नुकसान करणारं अजून चालू आहे की नाही ते. पेंढीला लागलेली आग विझली तरी छप्पर लगेच शाकारून होत नाही, तसं अँटिबॉडी गेल्यावरही गाळणी भरून यायला कित्येक महिने लागतात. म्हणून अँटिबॉडी आधी उतरते आणि प्रोटीन मागून.

दुसऱ्या डॉक्टरांचंही चूक नाही, हे मुद्दाम सांगते. अँटिबॉडीचा आकडा जितका मोठा तितकी आजार आपोआप उतरण्याची शक्यता कमी. ५० च्या वर असेल तर आम्ही जास्त जोखमीचा धरतो, आणि २.५ खालचं अल्ब्युमिनही त्याच पारड्यात. पण क्रिएटिनिन ०.९ वर स्थिर असेल, सूज आवाक्यात असेल, तर तीन महिन्यांनी तोच आकडा पुन्हा बघण्याइतकी सवड बहुतेक वेळा मिळते. निर्णय एका आकड्यावर नाही, दोन आकड्यांमधल्या उतारावर किंवा चढावर घ्यायचा असतो. मधल्या काळात क्रिएटिनिन चढू लागलं तर मात्र तीन महिने पुरे व्हायची वाट बघायची नाही.

दोन गोष्टी लगेच करा. पुढची अँटिबॉडी त्याच लॅबमध्ये आणि त्याच पद्धतीने. १३२ हा एलायझाचा आकडा आहे. त्यात २० च्या वर पॉझिटिव्ह, १४ च्या खाली निगेटिव्ह, मधलं अधांतरी. काही लॅब इम्युनोफ्लुरोसन्स करतात आणि १:१०, १:१०० असं लिहितात, त्याची १३२ शी तुलना करता येत नाही. दुसरं, मीठ.

काकू, तुमचा फेस मधुमेहाचा असू शकतो, तुम्ही लघवीतलं अल्ब्युमिन वेगळं तपासून घ्या. पण यांना प्रोटीन भरून काढायला जास्त खायला देऊ नका. खाल्लेलं जास्तीचं प्रोटीन रक्तात साठत नाही, गळती मात्र वाढते. नेहमीचं साधं जेवण पुरे.

अपर्णा_सुदामानगर | १३ जून

मेधाताई, खूप आभार. मीठ आम्ही कमी केलंय, भाजीत अर्धंच घालते. आणि रक्त पातळ करायची गोळी का, हे कोणी नीट सांगितलं नाही.

मेधा_नेफ्रो | १४ जून

भाजीतलं मीठ शोधणं सोपं, पण इंदूरात ते दुसरीकडेच असतं. सकाळचे पोहे, त्यावर मूठभर शेव, संध्याकाळी चहाबरोबर परत नमकीन, जेवताना पापड आणि लोणचं. दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत मीठ हवं, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यातलं बरंचसं नुसत्या शेवेत संपतं. टोर्सेमाइडचा डोस वाढवूनही सूज हलत नसेल तर आधी मी डबे उघडून बघायला सांगते. शंका असेल तर चोवीस तासांच्या लघवीत सोडियम मोजतात, ते खोटं बोलत नाही.

गोळीबद्दल: अल्ब्युमिन इतकं खाली गेलं की रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि नेफ्रोटिकच्या, म्हणजे लघवीतून एवढं प्रोटीन जाणाऱ्या, सगळ्या आजारांत मेम्ब्रेनसमध्ये तो सर्वांत जास्त.

राजूभैया_मल्हारगंज | १४ जून

हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. भावाचे दोन्ही पाय सुजलेलेच असायचे म्हणून लक्षात आलं नाही, पण उजवी पोटरी डावीपेक्षा जाड आणि टणक झाली होती, दाबलं की कळ यायची. आम्ही दोन दिवस तेल चोळत बसलो. डॉप्लर केलं तर गुठळी. वहिनी, रोज दोन्ही पोटऱ्या टेपने मोजा.

मेधा_नेफ्रो | १४ जून

हे प्रत्येकाने वाचावं. एकाच पायाची वाढती सूज, कुशीत अचानक दुखून लघवी लाल होणं, दम लागणं, यापैकी काहीही झालं तर रात्र असली तरी इमर्जन्सीत जायचं. आणि चोळायचं अजिबात नाही.

विवेक_ग्वाल्हेर | २० जून

ग्वाल्हेरहून लिहितोय. माझा अनुभव उलटा. मी थांबलो होतो. पहिली अँटिबॉडी ४०, प्रोटीन ५ ग्रॅम, सगळे म्हणाले सौम्य आहे. तीन महिन्यांनी अँटिबॉडी ९६, प्रोटीन मात्र तेवढंच. मी प्रोटीन बघून खूष होतो, डॉक्टर अँटिबॉडी बघून गंभीर. पुढच्या दोन महिन्यांत प्रोटीन ९ वर गेलं आणि क्रिएटिनिन १.४.

मग सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टेरॉइड, सहा महिने. एक महिना स्टेरॉइड, सुरुवातीला तीन दिवस सलाइनमधून आणि मग गोळ्या, पुढचा महिना सायक्लोफॉस्फामाइडच्या गोळ्या, असं आलटून पालटून. स्टेरॉइडच्या महिन्यात झोप उडायची, शुगर चढायची. सायक्लोफॉस्फामाइडच्या महिन्यात पांढऱ्या पेशी मोजायला वारंवार रक्त द्यावं लागायचं, एकदा ३००० च्या खाली गेल्या म्हणून गोळी थांबवली. पण आज प्रोटीन अर्ध्या ग्रॅमच्या आत आहे. रिटुक्सिमॅब मला परवडण्यासारखं नव्हतं. सायक्लोफॉस्फामाइड त्यापुढे फारच स्वस्त.

शर्वरी_देवास | २ जुलै

माझ्या बहिणीचीही मेम्ब्रेनस आहे, वय ३१, पण तिची पीएलए२आर निगेटिव्ह. म्हणजे आजार बरा होतोय असं समजायचं का?

राजूभैया_मल्हारगंज | २ जुलै

निगेटिव्ह म्हणजे चांगलंच की ताई. अभिनंदन.

मेधा_नेफ्रो | ३ जुलै

नाही राजूभैया, इथे गफलत होते. आधी पॉझिटिव्ह असून नंतर निगेटिव्ह झाली तर ती आनंदाची बातमी. पहिल्यापासूनच निगेटिव्ह असेल तर अर्थ एवढाच की आजाराचं कारण बहुधा दुसरं आहे आणि ते शोधायला हवं. शर्वरी, बहिणीची बायॉप्सी झाली आहे का? झाली असेल तर त्याच तुकड्यावर पीएलए२आर आणि नेल-१ या तशाच दुसऱ्या प्रोटीनचे रंग करता येतात. वय ३१ आहे म्हणून एएनए आणि ल्युपसही तपासायला हवं. आणि एक प्रश्न थेट विचारते: गोरेपणाचं क्रीम, किंवा कुणा वैद्याची पुडी, भस्म, असं काही चालू आहे?

शर्वरी_देवास | ५ जुलै

बायॉप्सी झाली आहे. क्रीम आहे. लग्न ठरल्यापासून लावते. डबीवर कंपनीचा पत्ता नाही, काय घातलंय तेही नाही. रंग खरंच उजळला होता म्हणून कुणी काही बोललं नाही.

मेधा_नेफ्रो | ५ जुलै

ताबडतोब बंद, आणि डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. अशा क्रीममध्ये पारा असतो. केरळच्या डॉक्टरांनी क्रीम लावणाऱ्यांतली नेल-१ मेम्ब्रेनस नोंदवली आहे, आणि वेल्लोरच्या डॉक्टरांनी पारा असलेल्या देशी औषधांनंतरची. रक्त आणि लघवीतला पारा मोजता येतो. यातल्या बऱ्याच जणांचं प्रोटीन फक्त पारा बंद करून आणि टेल्मिसार्टनसारख्या औषधावर उतरतं, इम्युनोसप्रेशन लागत नाही. अशा माणसाला कारण न विचारता रिटुक्सिमॅब देणं मला अन्याय वाटतो. मात्र नेल-१ कॅन्सरबरोबरही दिसतं, म्हणून क्रीम सापडलं तरी ती तपासणी डॉक्टर करतील, घाबरू नका.

कुंदाकाकू | ६ जुलै

माझा रिपोर्ट आला. लघवीत अल्ब्युमिन निघालंच. शुगरच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. बार्लीचं राहू दे म्हणाले.

अपर्णा_सुदामानगर | १८ सप्टेंबर

तीन महिन्यांचे रिपोर्ट आले. चोवीस तासांचं प्रोटीन ७.२ वरून ४.१! अल्ब्युमिन २.५, क्रिएटिनिन ०.९. पीएलए२आर ५८. प्रोटीन जवळजवळ निम्म्यावर आलं म्हणून घरात पेढे वाटले. पण अल्ब्युमिन का वाढत नाही?

मेधा_नेफ्रो | १८ सप्टेंबर

अपर्णाताई, दोन्ही रिपोर्टवर लघवीतलं एकूण क्रिएटिनिन लिहिलेलं असेल, ते पाठवा. आणि वजन.

अपर्णा_सुदामानगर | १८ सप्टेंबर

जूनमध्ये १२४० मिलिग्रॅम, आत्ता ६९०. वजन ७४ होतं, आता ७२.

मेधा_नेफ्रो | १९ सप्टेंबर

मला हीच शंका होती. त्यांच्या वजनाच्या पुरुषाच्या लघवीतून दिवसाला साधारण ११०० ते १४०० मिलिग्रॅम क्रिएटिनिन जातं, आणि रोज जवळपास तेवढंच जातं. रक्तातलं क्रिएटिनिन जसंच्या तसं असताना ते ६९० वर आलं, याचा अर्थ यावेळी जवळजवळ निम्मी लघवी बाटलीत आलीच नाही. म्हणून प्रोटीनही निम्मं दिसलं.

भागाकार करून बघा. जूनमध्ये ७.२ भागिले १.२४, म्हणजे ५.८. आत्ता ४.१ भागिले ०.६९, म्हणजे ५.९. प्रोटीन जागचं हललेलं नाही, आणि म्हणूनच अल्ब्युमिनही नाही.

पण पेढे वाया गेले असं समजू नका, बातमी दुसऱ्या ओळीत आहे. अँटिबॉडी १३२ वरून ५८, निम्म्याहून खाली, आणि तेही इम्युनोसप्रेशन न देता. मला हा आकडा प्रोटीनपेक्षा जास्त बोलका वाटतो. विवेकरावांचं प्रोटीन स्थिर होतं आणि अँटिबॉडी चढत होती. तुमच्याकडे प्रोटीन तसंच आहे आणि अँटिबॉडी उतरतेय.

अपर्णा_सुदामानगर | १९ सप्टेंबर

बरोबर आहे ताई. गणपतीचे दिवस होते, दुपारी ऑफिसात बाटली नेली नाही. ते मला आत्ता सांगतात!

मेधा_नेफ्रो | १९ सप्टेंबर

बहुतेकांचं असंच होतं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक बाटलीत, दुसऱ्या दिवशीची त्याच वेळची पहिलीसुद्धा. जमत नसेल तर सकाळच्या एका नमुन्यात प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर करा. चोवीस तासांइतकं पक्कं नाही, पण अर्धवट बाटलीपेक्षा कितीतरी बरं.

विवेक_ग्वाल्हेर | २० सप्टेंबर

माझी बाजू मांडतो. अल्ब्युमिन २.५ वर बसलेला माणूस रोज गुठळीच्या आणि इन्फेक्शनच्या धोक्यात आहे. अँटिबॉडी उतरतेय हे मान्य, पण कागदावरची अँटिबॉडी उतरेपर्यंत शरीराने किती सोसायचं? मला नोकरीत जवळजवळ सहा महिन्यांची बिनपगारी रजा झाली. आधीच सुरू केलं असतं तर, असं अजूनही वाटतं.

मेधा_नेफ्रो | २१ सप्टेंबर

विवेकराव, तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. थांबण्याचीही किंमत असते, आणि ती रोगी भरतो, डॉक्टर नाही. पण दुसऱ्या बाजूलाही किंमत आहे. रिटुक्सिमॅबनंतर महिनोनमहिने बी पेशी नसतात, जुना हिपॅटायटिस बी उसळू शकतो. सायक्लोफॉस्फामाइडने संसर्ग, प्रजननक्षमता आणि पुढे कॅन्सर, हे प्रश्न येतात. टॅक्रोलिमसने प्रोटीन लवकर उतरतं पण गोळी थांबवली की आजार अनेकदा परत येतो. २०१९ च्या मेंटॉर अभ्यासात एका वर्षाअखेर रिटुक्सिमॅब आणि टॅक्रोलिमसच्याच जातीचं सायक्लोस्पोरिन जवळपास बरोबरीत होते. दुसऱ्या वर्षाअखेर, औषध थांबल्यावर, रिटुक्सिमॅबचे ६० टक्के रोगी बरे राहिले होते, सायक्लोस्पोरिनचे २० टक्के. म्हणजे रिटुक्सिमॅब घेऊनही शंभरातले चाळीस राहतातच. ज्याचा आजार आपोआप उतरतोय त्याला हे सगळं देऊन आपण काय मिळवतो, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो.

शर्वरी_देवास | १० ऑक्टोबर

बहिणीच्या बायॉप्सीत नेल-१ पॉझिटिव्ह, लघवीत पारा जास्त. बाकी तपासण्या नॉर्मल. क्रीम जुलैपासून बंद आहे, प्रोटीन ६ वरून ३.८. इम्युनोसप्रेशन दिलेलं नाही. तिची एक मैत्रीण तेच क्रीम लावते, तिची लघवी तपासायला पाठवली आहे.

अपर्णा_सुदामानगर | २७ नोव्हेंबर

नवीन रिपोर्ट. पीएलए२आर २३. सकाळच्या नमुन्याचं गुणोत्तर ४.२. अल्ब्युमिन २.९, क्रिएटिनिन १.०. टोर्सेमाइड निम्मं झालं, घोट्यावर आता वळ पडत नाही. शेवेचा डबा मी शेजारी देऊन टाकला.

दोन डॉक्टरांचं अजूनही जुळत नाही. दुसरे म्हणतात सहा महिने होत आले, प्रोटीन निम्मं झालं नाही, रिटुक्सिमॅब द्या. आमचे म्हणतात फेब्रुवारीपर्यंत बघू. अल्ब्युमिन वाढलं तर रक्त पातळ करायची गोळी थांबवायची का?

मेधा_नेफ्रो | २८ नोव्हेंबर

सहा महिन्यांत प्रोटीन निम्मं व्हावं ही रेघ दुसरे डॉक्टर धरताहेत, आणि ती मार्गदर्शक सूचनांत आहे. ५.८ चं ४.२ म्हणजे निम्मं नाही. पण १३२, ५८, २३ असा उतार, अल्ब्युमिन वर येतंय, क्रिएटिनिन जागेवर. ०.९ आणि १.० मधला फरक लॅबच्या चढउतारात मोडतो. माझ्यासमोर हा माणूस असता तर मी फेब्रुवारीपर्यंत थांबले असते. अँटिबॉडी परत ५० कडे वळली, अल्ब्युमिन घसरलं, किंवा क्रिएटिनिन १.२ च्या पुढे गेलं आणि पुन्हा तपासूनही तेवढंच आलं, तर थांबणं तिथेच संपवलं असतं.

गोळी आपण होऊन बंद करू नका. २.९ एकदाच आलं आहे. ती कधी थांबवायची यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही, काही ३ च्या वर टिकेपर्यंत चालू ठेवतात. पोटऱ्या मोजणं चालू ठेवा.

विवेक_ग्वाल्हेर | २८ नोव्हेंबर

मी असतो तर घेतलं असतं. पण अँटिबॉडीचा हा उतार माझ्या वाट्याला आला नव्हता, हेही खरं.

अपर्णा_सुदामानगर | ३० नोव्हेंबर

मिस्टरांनी ठरवलं, फेब्रुवारीपर्यंत थांबायचं. निर्णय त्यांचा आहे आणि त्यांनी तो आकडे समोर ठेवून घेतला. सासूबाईंनाही तिन्ही अँटिबॉडी एका कागदावर लिहून दाखवल्या. मेधाताई, तोपर्यंत काही करून ठेवायचं का?

मेधा_नेफ्रो | १ डिसेंबर

न्यूमोनिया आणि फ्लूच्या लसी आत्ताच घेऊन ठेवा, डॉक्टरांना विचारून. पुढे रिटुक्सिमॅब द्यावंच लागलं तर त्यानंतर लस नीट लागू पडत नाही. हिपॅटायटिस बी चा जुना संसर्ग दाखवणारी कोर अँटिबॉडी झालीय का तेही फाइलमध्ये बघा, जूनच्या रिपोर्टमध्ये बहुधा फक्त सरफेस अँटिजेन असेल.

अपर्णा_सुदामानगर | १ डिसेंबर

बघितलं, फक्त सरफेस अँटिजेनच आहे. सोमवारी रक्त देतो.